हजेरीत सवलत नको, तारखा ठरवून रजा माग

प्रिय विद्यार्थिनीस,

बारावी, जेईई, घर ऐरोलीला, शाळा कोपरखैरण्यात आणि क्लास ठाण्याला. हे सगळं सांभाळताना शाळेने हजेरी सैल करावी असं तुला वाटणं साहजिक आहे. पण अर्ज लिहायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घे. 'प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी हजेरीत सवलत' अशी तरतूद सीबीएसईच्या नियमांत नाही. बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. ती कमी पडली तर माफीची कारणं ठरलेली आहेत: दीर्घ आजार, आई किंवा वडिलांचा मृत्यू, राष्ट्रीय पातळीवरच्या क्रीडास्पर्धा आणि अशीच मोजकी काही. क्लास त्यात बसत नाही. मुख्याध्यापिकांनी मनात आणलं तरी ते त्यांच्या हातात नाही.

त्यांच्या हातात आहे ते उरलेल्या २५ टक्क्यांचं. त्यातले दिवस आधी कळवून, तारखांसकट, पालकांच्या सहीने मागितले, तर शाळेला 'हो' म्हणणं सोपं जातं. म्हणून अर्जात 'सवलत' हा शब्दच नको, 'रजा' लिही.

आता हिशेब. हजेरी १ जानेवारीपर्यंतची धरली जाते, तेव्हा एप्रिलपासून डिसेंबरअखेरपर्यंत कामाचे दिवस किती, हे वर्गशिक्षिकांकडून लिहून घे. शाळेच्या डायरीवरून अंदाज बांधू नकोस. समज ते १६० आहेत. त्याचे ७५ टक्के म्हणजे १२०, म्हणजे गैरहजेरीला ४० दिवसांची जागा. ऑगस्टअखेर ७६ दिवस शाळा भरली आणि ताप, गणपती, मामाचं लग्न मिळून तुझे ११ दिवस बुडाले असं धर. राहिले २९. हे सगळे मागायचे नाहीत. पावसाळा संपेपर्यंत मलेरिया-डेंग्यूचा भरवसा नसतो, आणि ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली पण शाळा चालू राहिली, तर तो दिवस तुझ्याच खात्यातून जातो. म्हणून ९ राखून ठेव आणि २० माग. ते सगळे घेतले तरी एकूण गैरहजेरी ३१ होते, हजेरी १२९ दिवस, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर. हाच आकडा अर्जात ठळक दिसला पाहिजे.

इथे एक फसगत होते. अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली की मुलांना वाटतं एक दिवस फुकट मिळाला. प्रत्यक्षात कामाचे चार दिवस कमी झाले की तुझी मोकळीक एकाने घटते. १६० चे १५२ झाले, तर ४० ची जागा ३८ वर येते. वीस दिवसांची रजा त्यात बसते, पण आजारपणासाठी राखलेले ९ दिवस ७ च उरतात. त्यामुळे हा हिशेब दर महिन्याला नव्याने मांड.

दिवस कोणते, हे संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे. ज्या वारी प्रॅक्टिकल असतं त्या वारी रजा मागू नकोस. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला ३० गुण असतात. त्यातले १४ दोन प्रयोगांचे आणि उरलेले १६ जर्नल, ॲक्टिव्हिटी, प्रोजेक्ट आणि तोंडी परीक्षेचे. जर्नल प्रयोग चुकवून मैत्रिणीच्या वहीतून उतरवलं, तर तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ते कळतं. शिवाय एनआयटीत जेईई मेनमधून प्रवेश घ्यायचा, तर खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के गुण लागतात किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. शाळेतले हे गुण हातचे जाऊ देणं परवडणारं नाही.

समजा प्रॅक्टिकल मंगळवारी आणि शुक्रवारी आहेत. मग सप्टेंबरच्या मध्यापासून दर गुरुवार माग. सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी वगळून गुरुवार कमी पडले, तर बुधवार धरून असे १२ दिवस काढ. ते पूर्ण लांबीची सराव परीक्षा आणि तिच्यातल्या चुका तपासायला ठेव. तीन तासांचा पेपर सोडवून त्याच दिवशी तो उलगडून बघायला शाळेच्या दिवशी वेळ मिळत नाही, म्हणून या रजेचा खरा उपयोग तिथेच आहे. उरलेले ८ दिवस डिसेंबरात, प्री-बोर्ड संपल्यावर, प्रॅक्टिकलचे वार सोडून घे. प्री-बोर्डला मात्र दांडी नको. ती बुडाली की शाळेचा विश्वास जातो आणि पुढची विनंती कोणी ऐकत नाही. जानेवारीवर भिस्त ठेवू नकोस. जेईईचं पहिलं सत्र त्याच महिन्यात असतं आणि प्रॅक्टिकल परीक्षाही तेव्हाच सुरू होतात.

अर्ज आई-बाबांच्या नावाने, मुख्याध्यापिकांना, वर्गशिक्षिकांमार्फत. एका पानाच्या वर नको. मजकूर साधारण असा: 'आमची मुलगी बारावीच्या अमुक तुकडीत आहे. ३१ ऑगस्टपर्यंत ७६ पैकी ६५ दिवस हजर. जेईईच्या तयारीसाठी सोबतच्या तक्त्यातील २० दिवसांची रजा मंजूर व्हावी. ती धरूनही वर्षाची हजेरी ८० टक्क्यांच्या वर राहील. सर्व प्रॅक्टिकल, चाचण्या व प्री-बोर्डला ती हजर राहील आणि बुडालेला अभ्यास पुढच्या सोमवारपर्यंत पूर्ण करील.' तक्त्यात तारीख आणि वार. दोन प्रती ने, एकीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घे. मॅडम तोंडी 'चालेल गं' म्हणाल्या तरी रजिस्टरात गैरहजरच लागते, आणि वर्गशिक्षिका बदलल्या की ते तोंडी बोलणं कुणाला आठवत नाही.

क्लासचं पत्र अर्जाला जोडू नकोस. शाळांना 'डमी' प्रवेशाची, म्हणजे नाव शाळेत आणि विद्यार्थी क्लासमध्ये या प्रकाराची, धास्ती आहे. अशा विद्यार्थ्यांमुळे सीबीएसईने २०२४ मध्ये दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढून घेतली, आणि बोर्डाची पथकं न सांगता तपासणीला येतात. क्लासचं लेटरहेड पाहिलं की मुख्याध्यापिकांना तेच आठवतं. तयारीसाठी रजा हवी, एवढं खरं कारण पुरेसं आहे.

याच धास्तीमुळे दोन गोष्टी ठामपणे नाकार. एक, खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र. ज्या दिवशी तू 'टायफॉइडने अंथरुणावर' होतीस, त्या दिवशी क्लासच्या बायोमेट्रिकवर तुझा अंगठा असेल, तर खोटेपणा उघड आहे. दोन, 'तू येऊ नकोस, आम्ही हजर लावू' असा कुणाचा प्रस्ताव. तपासणीत रजिस्टरात हजर आणि बाक रिकामा असं निघालं, तर शाळेबरोबर तुझा परीक्षेचा प्रवेशही अडकतो.

वीसऐवजी बाराच दिवस मिळाले, तर वाद घालू नकोस. त्याऐवजी शेवटच्या तासिकेला लवकर सोडण्याची विनंती कर. साडेतीनच्या क्लासला पोचण्यासाठी रोजची चाळीस मिनिटं मिळणं हे महिन्याकाठी काही कमी नाही. सकाळी हजेरी लागली असेल तर लवकर निघण्याने दिवस बुडतो की नाही, हे मात्र शाळेच्या पद्धतीवर आहे. काही ठिकाणी तो अर्धा दिवस धरतात, म्हणून आधी विचारून घे. गेटपासवर रोज पालकांची सही लागेल. बाबांना रोज जमणार नसेल, तर महिन्याभराचं एकच संमतिपत्र चालेल का, तेही त्याच भेटीत विचार.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई किंवा बाबांना घेऊन भेट. दर शुक्रवारी वर्गशिक्षिकांकडून हजेरीचा आकडा विचारून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. रजिस्टरात चुकून गैरहजर लागलं असेल, तर त्याच आठवड्यात दुरुस्त होतं. डिसेंबरात ते जवळपास होत नाही.

तक्ता तयार झाला की मला दाखव, तारखा प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकाशी ताडून पाहू.

तुझा,
सर