महालक्ष्म्यांचं बोलावणं: भाजी नावानिशी सांगा

पहिल्यांदाच महालक्ष्म्या तुमच्याकडे आल्या असतील, तर नातेवाइकांना फोन करण्याआधी पंचांग बघा. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, जेवण दुसऱ्या दिवशी ज्येष्ठावर; म्हणून मागच्या वर्षीची तारीख चालत नाही.

घोळ होतो तो सोळा भाज्यांत. "येताना भाजी आणा" म्हटलं की पाच घरांतून भेंडीच येते आन् पडवळ राहून जातं. प्रत्येकीला नाव सांगा: थोरल्या जाऊबाईंना पडवळ नि दोडकं, आत्याबाईंना वाडीतला लाल भोपळा आन् अळू. चाळीस पानांना एकेक भाजी अर्धा किलो पुरते, ताटात चमचाभरच तर पडते. पालेभाजी मात्र गावातल्याच घरावर टाका. भादव्यात एसटीतून पिशवीत कोंबून आणलेली ओली मेथी पोचेपर्यंत काळी पडते.

पुरणाची डाळ वाटून देऊ नका. तीन घरची डाळ एकसारखी शिजत नाही, पुरणात कण राहतात नि पोळी फाटते. माणशी दोन पोळ्या धरून अडीच किलो तुम्हीच घ्या.

ताक आवाहनाच्या दुपारीच हवं, कारण आंबिलीचं ज्वारीचं पीठ रात्री भिजवायचं असतं. सैपाकाला हात लावणाऱ्या बायांना त्याच दिवशी मुक्कामाला बोलवा. नुसतं "जेवायला या" म्हटलं, तर त्या पाहुण्यांसोबत एक वाजताच उतरतील.