एनपीव्हीचा एकच आकडा नको, त्याचा पसारा पाहा

प्रश्न : वय 43, राहणार बार्शी. शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा टाकायचा विचार आहे. यंत्रे, गाळा, वीजजोडणी आणि खेळते भांडवल धरून 18 लाख लागतील, सगळे स्वतःचे. महिन्याला 500 लिटर विक्री, 350 रुपये भाव, पेंडीचे पैसे वजा करून लिटरमागे 220 रुपये खर्च, शिवाय भाडे, वीज, कामगार मिळून महिन्याला 20 हजार. पाच वर्षांनी यंत्रांचे 3 लाख येतील. 12 टक्के दराने एनपीव्ही, म्हणजे पुढचे सगळे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारा आकडा, 3.17 लाख निघतो. एकाने सांगितले, ‘मॉन्टे कार्लो करून बघ.’ ते कसे करायचे, आणि आकडा शून्याच्या वर आहे तर पुढे जाऊ का?

उत्तर : तुमचे गणित मी पुन्हा करून पाहिले. महिन्याला 45 हजार, वर्षाला 5.40 लाख, पाच वर्षांचे 12 टक्क्यांनी आजच्या पैशात 19.47 लाख, यंत्रांचे 1.70 लाख, त्यातून 18 लाख वजा. 3.17 लाख बरोबर आहे. पण त्यात तुम्ही विक्री, भाव आणि खर्च या तिन्ही जागी ‘बहुधा असे होईल’ हा आकडा घातला आहे, आणि मला काळजी वाटते ती तिथेच.

विक्री 500 ऐवजी किती घसरू शकते आणि किती चढू शकते, याचा विचार करा. नव्या घाण्याला गिऱ्हाईक जमले नाही तर 300 लिटरवर बसावे लागेल. उलट बाजूला तुमची यंत्रे आणि कामगार यांच्या जोरावर 600 च्या पुढे जाणे अवघड. म्हणजे खाली 200 ची जागा, वर फक्त 100 ची. खर्चाचे उलटे आहे. एका लिटरला साधारण अडीच किलो दाणे लागतात, त्यामुळे दाण्याचा भाव किलोमागे 10 रुपयांनी चढला की लिटरचा खर्च 25 रुपयांनी वाढतो. हंगामात स्वस्त माल मिळाला तर 220 चे 200 होतील, पण वाईट वर्षी 270 सहज होतात. भाव मी 320 ते 370 धरला, बहुधा 350.

किमान, बहुधा आणि कमाल अशा तीन आकड्यांच्या पसाऱ्याला त्रिकोणी वितरण म्हणतात. त्याची सरासरी म्हणजे तिन्हींची बेरीज भागिले तीन. विक्रीची सरासरी 467 लिटर येते, भावाची 347 रुपये, खर्चाची 230. या सरासरी आकड्यांनी एनपीव्ही काढला तर तो उणे 1.40 लाख! एकही निराशावादी गृहीतक न घालता 3.17 लाख कुठे गेले? प्रत्येक आकडा नुकसानीच्या बाजूला जास्त सरकू शकतो, म्हणून गेले. ‘बहुधा’ आणि ‘सरासरी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाच वर्षांत तुमच्या खिशाला सरासरी जाणवते.

आता मॉन्टे कार्लो. यात काही गूढ नाही. प्रत्येक पसाऱ्यातून यादृच्छिकपणे एकेक आकडा उचलायचा, एनपीव्ही काढायचा, आणि हेच हजार वेळा करून हजार उत्तरे मांडायची. एक्सेलमध्ये विक्रीचा आकडा असा उचलता येतो :

```
A2: =RAND()
B2: =IF(A2<2/3, 300+SQRT(A2*300*200), 600-SQRT((1-A2)*300*100))
```

यातला `2/3` म्हणजे (500−300) भागिले (600−300). भाव आणि खर्चासाठी वेगळे `RAND()` घेऊन हेच सूत्र त्यांच्या आकड्यांनी लिहा. `RAND()` वेगळ्या खान्यात ठेवायचे कारण असे की सूत्रात ते तीनदा लिहिले तर तिन्ही ठिकाणी वेगवेगळे आकडे येतात आणि पसारा चुकतो. ही चूक मी बऱ्याच फायलींत पाहिली आहे. विक्री B मध्ये, भाव D मध्ये, खर्च F मध्ये असेल तर :

```
H2: =(B2*(D2-F2)-20000)*12*3.6048+300000*0.5674-1800000
```

यातला 3.6048 हा पाच वर्षांची दरवर्षीची मिळकत, आणि 0.5674 हा पाच वर्षांनी येणारे यंत्रांचे पैसे 12 टक्क्यांनी आजच्या पैशात आणणारा गुणक. दुसरी ओळ पूर्ण 1001 पर्यंत ओढा. F9 दाबले की सगळे आकडे बदलतात आणि सरासरी 15 हजारांच्या आसपास इकडे-तिकडे हलते. तेवढे हलणारच, हजार फेऱ्यांत तेवढी अचूकता येते. त्यामुळे तोट्याच्या फेऱ्या 61 टक्के की 63 टक्के, यावर वेळ घालवू नका.

या पहिल्या मांडणीत सरासरी उणे 1.40 लाख येते, आणि 100 पैकी 90 फेऱ्या उणे 9.2 लाख ते अधिक 6.7 लाख यांच्यामध्ये पडतात. `COUNTIF` ने मोजले तर 100 पैकी 62 फेऱ्यांत एनपीव्ही शून्याखाली जातो. पण हा पसारा जसाच्या तसा घेऊ नका, कारण यात दोन चुका दडल्या आहेत.

पहिली चूक : एकदा उचललेला आकडा पाचही वर्षे तोच राहतो असे आपण धरले. दाण्याच्या भावाला ते लागू नाही, तो दरवर्षी बदलतो. मग दरवर्षी सगळेच नवे उचलावे का? तसे केले तर वाईट वर्ष चांगल्या वर्षाला झाकते आणि पसारा निम्म्याहून कमी होतो. पहिल्या मांडणीत मूळ 18 लाखही परत न येण्याच्या फेऱ्या 100 पैकी 20 आहेत. दरवर्षी सगळे नवे उचलले की त्या 3 वर येतात. केवळ फाईल वेगळी मांडल्याने 20 चे 3! म्हणून आधी ठरवावे लागते की कोणती गोष्ट वर्षानुवर्षे टिकते. गिऱ्हाईक जमले की जमले आणि नाही जमले की नाही, म्हणून विक्री एकदाच उचलायची. भाव आणि खर्च दरवर्षी नवे.

दुसरी चूक : भाव आणि खर्च एकमेकांना ओळखतच नाहीत असे आपण धरले. दाणे महागले की गावातले सगळेच घाणेवाले बाटलीचा भाव वाढवतात, पण पूर्ण नाही. मी धरतो की 25 रुपयांच्या वाढीतले जेमतेम 10 रुपये गिऱ्हाईक सोसते. म्हणून भावाच्या खान्यात खर्चाच्या फरकाच्या चार दशांश मिसळायचे आणि भावाचा स्वतःचा चढउतार तेवढा कमी करायचा, म्हणजे 320 ते 370 हा पसारा तसाच राहतो. हा धागा जोडला नाही तर दाणे सर्वांत महाग आणि तेल सर्वांत स्वस्त अशा फेऱ्याही बऱ्याच निघतात, आणि प्रत्यक्षात तसे क्वचितच होते.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर माझ्या हिशेबात सरासरी तीच, उणे 1.40 लाख. पसारा मात्र आवळतो : 100 पैकी 90 फेऱ्या साधारण उणे 7 लाख ते अधिक 4 लाखांमध्ये. शून्याखाली जाणाऱ्या फेऱ्या 65 च्या आसपास, आणि मुद्दल न वसूल होणाऱ्या सुमारे 11.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एनपीव्ही उणे म्हणजे पैसे बुडाले असे नाही. त्याचा अर्थ एवढाच की 12 टक्के मिळाले नाहीत. सरासरी प्रवाहांवर तुमचा परतावा 9 टक्क्यांच्या आसपास बसतो. म्हणून 65 हा आकडा पाहून घाबरू नका, आणि 11 हा आकडा पाहून निश्चिंतही होऊ नका. पहिला ‘हेच पैसे 12 टक्के देणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी ठेवले असते तर बरे’ असे सांगतो, दुसरा ‘घरातली पुंजी कमी होईल’ असे सांगतो. मुलांच्या शिक्षणाचे पैसे यातच असतील तर दुसऱ्या आकड्याकडे आधी बघा.

आणि 20 हजारांच्या खर्चात तुमचा स्वतःचा मेहनताना दिसत नाही. घाण्यावर रोज तुम्ही किंवा वहिनी बसणार असाल तर महिन्याला 15 हजार धरा. तेवढ्याने सरासरी आणखी 6.49 लाखांनी खाली येते, म्हणजे उणे 7.9 लाख. तो पगार घरातच राहतो हे खरे, पण मग त्याला घाण्याचा नफा म्हणू नका.

कोणत्या गोष्टीमुळे पसारा एवढा मोठा आहे, तेही काढून पाहिले. भाव आणि खर्च दरवर्षी बदलत राहिल्याने त्यांचा चढउतार पाच वर्षांत बराचसा झाकला जातो. विक्रीचा झाकला जात नाही, म्हणून सर्वांत मोठा वाटा तिचा. सरासरी भाव आणि खर्च धरले तर 12 टक्के सुटायला महिन्याला साधारण 495 लिटर विक्री लागते. 550 झाली तर एनपीव्ही अधिक 2.8 लाख, 420 वर अडकली तर उणे 3.75 लाख. तुमचा 500 चा आकडा कशावरून आला? ओळखीच्या घाणेवाल्याने दिवाळीच्या आधीचा महिना सांगितला असेल तर तो वर्षाचा आकडा नव्हे. गेल्या वर्षी एका घाणेवाल्या दादांची वही पाहिली तेव्हा दिवाळीच्या आधीचे पान भरगच्च होते आणि त्यानंतरच्या दोन पानांवर निम्म्याच नोंदी होत्या.

म्हणून आत्ता 18 लाख टाकू नका, पण विचार सोडूही नका. दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरी देऊन तेल काढून घ्या, आपल्या नावाच्या बाटल्यांत भरा आणि आठ महिने विका; त्यात दिवाळीही यावी आणि उन्हाळाही. मजुरीमुळे या काळात लिटरमागे फारसे सुटणार नाही. ते पैसे तुम्ही विक्रीचा पसारा मोजायला खर्च करताय असे समजा. दर महिन्याचे लिटर वहीत लिहा, आणि पुन्हा आलेली गिऱ्हाईके किती तेही लिहा. मग 300-500-600 च्या जागी तुमच्या वहीतले किमान, नेहमीचे आणि कमाल घालून हीच फाईल चालवा. मुद्दल न वसूल होण्याच्या फेऱ्या 100 पैकी 5 च्या खाली आणि सरासरी शून्याच्या वर आली, तर मी स्वतः तुम्हाला घाणा घ्या म्हणेन. महिन्याची विक्री 450 च्या आतच राहिली, तर दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरीने तेल काढून विकणेच चालू ठेवा.