रेशमी रिबनचा गुलाब: पीळ कुठे ठेवायचा, कुठे काढायचा

प्रश्न: रेशमी रिबनने गुलाब आणि पानं भरतेय. सुईत ओवतानाच रिबनचे धागे सुटतात आणि पानं भरताना तिला पीळ पडून दोरीच होते. काय चुकतंय?

आधी सुई बघा. साध्या भरतकामाच्या सुईचं नेढं अरुंद असतं. त्यात रिबन चुरगळून बसते आणि कापडातून जाताना दर टाक्याला घासली जाते. शेनील सुई घ्या. तिचं टोक तीक्ष्ण आणि नेढं लांबट असतं. ४ मिमी रिबनला २० किंवा २२ नंबर, ७ मिमीला १८ नंबर. जाड सुईने कापड खराब होईल अशी भीती वाटते, पण तिने पाडलेलं भोक मोठं असेल तरच मागची रिबन अलगद निघते. रिबन ओढताना करकर जाणवली, तर सुई बारीक पडतेय असं समजा.

ओवायचं टोक तिरकं कापा. ते नेढ्यातून चारपाच सेंटीमीटर बाहेर काढा आणि टोकापासून अर्धा सेंटीमीटर सोडून, रुंदीच्या मधोमध, त्याच सुईचं टोक आरपार टोचा. आता लांब बाजू ओढली की ते टोक सुईवरून सरकत नेढ्यापाशी जाऊन घट्ट बसतं. रिबन नेढ्यात मागेपुढे सरकत नाही, म्हणून तिथे झिजतही नाही. दुसऱ्या टोकाला गाठ मारू नका, पुढून उंचवटा दिसतो. उलट्या बाजूला दीड सेंटीमीटर शेपूट सोडा आणि साध्या दोऱ्याने दोनतीन टाके घालून पक्कं करा. सॅटिनच्या पॉलिएस्टर रिबनचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवतात, ते रेशमावर करू नका. रेशीम वितळत नाही, जळतं.

पिळाचं उत्तर गुलाबाला वेगळं आणि पानाला वेगळं.

दीड सेंटीमीटरचा गुलाब घेऊ. कापड रिंगमध्ये ताणून पेन्सिलने तेवढं वर्तुळ काढा. रिबनच्याच रंगाच्या भरतकामाच्या दोऱ्याचे दोन पदर घेऊन मध्यातून कडेपर्यंत पाच आरे घाला. आरे विषम संख्येतच हवेत. सहा घातले तर दर फेरीत रिबन त्याच आऱ्यांच्या वरून जात राहते आणि विणच तयार होत नाही. आता ४ मिमी रिबनचा सुमारे ४० सेंटीमीटरचा तुकडा मध्याशी वर काढा आणि एका आऱ्यावरून, पुढच्याखालून अशी फिरवत जा. फिरवताना सुई नेढ्याच्या बाजूने पुढे घाला, म्हणजे टोक आऱ्यात किंवा रिबनमध्ये घुसणार नाही. इथे रिबन कापडातून एकदा वर येते आणि शेवटी एकदा खाली जाते, म्हणून एवढी लांबी चालते.

पहिल्या दोन फेऱ्या ओढून घट्ट घ्या आणि रिबनला मुद्दाम पीळ द्या, कळीचा गाभा त्यानेच होतो. पुढे हात सैल सोडा, पीळ कधी पडला, कधी उलगडला तरी चालेल. बाहेरच्या फेऱ्याही घट्ट ओढल्या तर पाकळ्या न दिसता बटण दिसतं. आरे झाकले गेले की थांबा.

पानाला मात्र पीळ मुळीच नको. इथे रिबन दर टाक्याला कापडातून जाते, म्हणून तुकडा ३० सेंटीमीटरहून लांब घेऊ नका. देठाशी वर या आणि रिबन पानाच्या दिशेने सपाट पसरा. देठापाशी डाव्या अंगठ्याने दाबून धरा आणि दुसऱ्या जाड सुईची दांडी रिबनखालून देठापासून टोकापर्यंत फिरवा. घडी मोडते, रिबन पूर्ण रुंद होते. टोक जिथे हवं तिथे सुई रिबनच्याच मधोमध टोचून खाली घ्या. हळू ओढा. दोन्ही कडा आत वळून टोकाला छोटी गुंडाळी झाली की थांबा. आणखी अर्धा सेंटीमीटर ओढलंत तर ती गुंडाळी कापडाखाली जाते आणि पानाची काडी होते. अंदाज येईपर्यंत ती दुसरी सुई गुंडाळीत घालून ठेवा आणि रिबन तिला टेकेपर्यंतच ओढा.

दर पानानंतर सुई सोडून लोंबकळू द्या, साठलेला पीळ आपोआप उलगडतो. पुढच्या पानासाठी वर येताना आधीच्या पानाच्या टोकावर बोट ठेवा, नाहीतर मागच्या ओढीने तेच बिघडतं. मागच्या बाजूची रिबनही सुईने टोचली जाऊ देऊ नका. पुढचं पान भरून होताहोता आधीचं अचानक आक्रसलं, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. त्यासाठी मधूनमधून रिंग उलटी करून बघत जा.