‘सॉरी’ला ‘बरं’ आलं, आता किती लिहू?

*ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बायको शाळेत शिक्षिका. रविवारी माझे दादा-वहिनी जेवायला आले होते. वॉशिंग मशीनचा विषय निघाला आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, “हिला पैशाची किंमत नाही. पगार कुठं जातो तिचं तिलाच माहीत.” ती उठून आत गेली. तेव्हापासून कामापुरतं बोलते. मी ‘सॉरी’ पाठवलं, तिचं ‘बरं’ आलं. माझी सेकंड शिफ्ट, घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते. सकाळी पोरांची घाई, त्यात बोलायला गेलो की माझा आवाज चढतो. काल रात्री एक वाजता मोठा मेसेज लिहिला, पण पाठवला नाही. तुम्हाला पाठवतोय. मित्र म्हणतो, एवढं लिहू नको, दोन ओळींत मिटव. छोटा पाठवू की मोठा? – जुळे सोलापूर*

तुमचा मित्र निम्मा बरोबर आहे. तुमचा मसुदा मोठा आहे म्हणून बिघडलेला नाही. त्यातली जी एक ओळ तिला वाचायला मिळायला हवी, ती तुम्ही जवळजवळ शेवटी टाकली आहे. सुरुवात शिफ्टपासून आहे. मग मालकाची कटकट, ऑर्डरचं टेन्शन, रविवारी झोप न झालेली, दादांनी आधी काढलेला विषय. हे सगळं होऊन गेल्यावर एका वाक्यात येतं, “घराचा हप्ता तुझ्या पगारातून जातो हे मला माहीत आहे.” अहो, सगळं भांडण या वाक्यात आहे! तिचा पगार कुठं जातो ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही तसं बोललात.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की वर नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात. उघडल्यावरही फार लांब मेसेज मध्येच तुटतो आणि ‘रीड मोअर’ दाबावं लागतं. म्हणजे स्टाफरूममध्ये दोन तासांच्या मधे तिनं फोन पाहिला, तर तिला दिसणार तुमची शिफ्ट. हप्त्याची ओळ राहणार खाली, दडलेली. रागावलेलं माणूस तिथपर्यंत जातंच असं नाही.

आता छोट्याचं. तुम्ही छोटा पाठवून पाहिलात आणि त्याला ‘बरं’ आलं. भाजी आणायला विसरलात, फोन उचलला नाहीत, तर एकटं ‘सॉरी’ चालतं, कारण कशाबद्दल ते दोघांनाही माहीत असतं आणि मनात काही साचलेलं नसतं. इथं तसं नाही. तुमचं ‘सॉरी’ आवाज चढल्याबद्दल, मशीनला नाही म्हटल्याबद्दल की दादांसमोर तिला खोटं पाडल्याबद्दल? तिनं ठरवायचं कसं? लिहिणाऱ्याला आपला सूर मनात ऐकू येत असतो, म्हणून तो समोरच्यालाही कळेल असं वाटतं. ई-मेलवर झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात (2005) नेमकं हेच दिसलं. सूर पोचेल असा लिहिणाऱ्यांना जेवढा भरवसा होता, त्यापेक्षा तो बराच कमी पोचला.

किती लिहायचं हे ठरवायला माझी फूटपट्टी अशी: तिला जे लागलं, ते नेमकं काय हे तुमच्या तोंडून अजून आलेलं नसेल, तर तेवढं लिहा, मग ते आठ ओळी झालं तरी चालेल. तुम्हाला काय झालं होतं, ते मेसेजमध्ये घालू नका. ते खोटं नाही, तेही बोलायचंच आहे, पण समोर बसून आणि तिनं विचारल्यावर. 2016 मध्ये रॉय लेविकी या अमेरिकी अभ्यासकानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर माफीचे सहा भाग तपासले. लोकांना सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते ‘चूक माझी’ असं स्पष्ट मान्य करणं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. ‘मला माफ कर’ ही विनंती सर्वांत खाली गेली. तुमच्या मसुद्यात ती विनंती तीनदा आहे, आणि भरपाई एकदाही नाही.

तुमच्याच शब्दांतून मी हे काढलं आहे. हवं तसं बदला, पण क्रम ठेवा:

“रविवारी दादा-वहिनींसमोर तुझ्या पगाराबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं. घराचा हप्ता तुझ्या पगारातून जातो हे माहीत असून बोललो. तुला त्यांच्यासमोर गप्प बसावं लागलं, आणि दादाला वाटलं असेल की घर मी एकटाच चालवतो. तुला चालणार असेल तर मी दादाला फोन करून खरं काय ते सांगतो. मशीनचं वेगळं बोलू, त्याचा याच्याशी संबंध नाही. लगेच उत्तर दे असं नाही. गुरुवारी माझी सुट्टी आहे, तू शाळेतून आल्यावर बोलू.”

यात ‘तू पण त्या दिवशी’ कुठं नाही, हे पाहून घ्या. दादांना फोन करण्याआधी तिला विचारलंय तेही मुद्दाम. बोललात दादांसमोर, तेव्हा निस्तरायचंही तिथंच. दोघांतल्या मेसेजनं ते भागत नाही. पण हप्त्याची गोष्ट सासरी आणखी चघळली जावी असं तिला वाटत नसेल, तर तो निर्णय तिचा. आणि मधल्या काळात मशीन आणून दारात उभं करू नका. तोंड बंद करायला आणलं, असंच तिला वाटेल.

वेळ म्हणाल तर रात्री एकला अजिबात नाही. सकाळी डबे भरताना नाही, शाळेच्या वेळेतही नाही. पोरं जेवली की, साधारण नऊच्या सुमाराला, तुमच्या चहाच्या सुट्टीत पाठवा. पाठवण्याआधी एकदा तिच्या बाजूनं वाचा, कारण पाठवल्यावर दुरुस्तीला 15 मिनिटंच मिळतात आणि ‘एडिटेड’ असं तिला दिसतं. पुसून टाकलात तर पुसल्याची खूण राहते आणि ती रात्रभर विचार करत बसते की काय लिहिलं होतं. निळ्या टिका दिसल्या म्हणून ‘वाचलंस ना?’ विचारू नका.

उत्तरात ती चिडली, ‘वहिनी काय म्हणाल्या असतील माहितंय का’ असं काही आलं, तर घाबरू नका, ते चांगलं आहे. ती नेमकं बोलायला लागली. तेव्हा लिहून वाद घालायचा नाही, “होय, गुरुवारी ऐकतो” एवढंच. इथं मात्र तुमच्या मित्राच्या दोन ओळी बरोबर.

आवाज चढतो म्हणता, तर गुरुवारी बोलताना तो चढायला लागला की तसं सांगून उठा, “अर्ध्या तासानं येतो” म्हणा आणि खरंच अर्ध्या तासानं या. न सांगता निघालात तर तिला ती पाठ फिरवणंच वाटेल.

आणि पुन्हा नुसतं ‘बरं’ आलं, तर त्याच्यावर दुसरा मोठा मेसेज नको. पगारावरून असं बोलणं पहिल्यांदाच झालं की आधीही झालंय, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. आधी झालं असेल तर ती आता शब्द मोजत नसेल. पुढच्या वेळी दादांच्या पंगतीत तुम्ही काय बोलता, याकडे तिचं लक्ष असेल.