ऐरोलीत बाळाला सांभाळायला मावशी येतात. पुढच्या महिन्यापासून त्यांची वेळ बदलायची आहे, कसं सांगू?

पंधरा तारखेच्या आसपास सांगा, पगाराच्या दिवशी नको. त्यांची दुसरी कामं असतात, लोकल ठरलेली असते, तेव्हा त्या घरांशी बोलायला त्यांना दोन आठवडे तरी लागतात. नुसतं "थोडं उशिरा या" म्हणालात तर घोळ होतो, कारण उशिरा यायचं म्हणजे उशिरा जायचं का, हे त्यात येतच नाही. येण्याची आणि निघण्याची, दोन्ही वेळा सांगा.

समजा आत्ता ८ ते ५ आहे आणि ९:३० ते ७ हवी आहे, तर असं म्हणा: "मावशी, एक तारखेपासून सकाळी साडेनऊला या आणि संध्याकाळी सातला निघा. तुम्हाला जमेल का? बाकीच्या घरी विचारून रविवारपर्यंत सांगा."

इथे रोजचा अर्धा तास वाढतो. नऊ तासांचे १८,००० देत असाल, तर त्याच हिशोबाने १,००० वाढवा, आणि हे त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच बोला. "हो हो, बघते" हा होकार नव्हे. शेवटी त्यांनाच विचारा, "मग एक तारखेला किती वाजता याल?" ठरलं की तेच व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेजने पाठवा. सातची वेळ जमत नसेल, तर त्यांना साडेसहाला सोडता येईल का, हे आधीच घरात ठरवून ठेवा.