डेटा पाहून वन-टेल्ड टेस्ट निवडली तर काय बिघडतं?

प्रश्न: दोन्ही दिशांना फरक शोधणाऱ्या टू-टेल्ड टेस्टला पी व्हॅल्यू ०.०८ च्या वर आली, म्हणजे ०.०५ च्या मर्यादेत बसत नाही, रिझल्ट तर एकाच बाजूला दिसतोय, मग आता फक्त त्याच दिशेला बघणारी वन-टेल्ड केली तर चालेल का?

नाही चालणार, कारण मग खरा फरक नसताना "फरक आहे" म्हणण्याची चूक होण्याची शक्यता ५ टक्के राहत नाही, जवळजवळ दुप्पट होते. नाण्याचं बघा. नाणं अगदी सरळ आहे आणि १०० वेळा उडवलं, तर ५९ किंवा जास्त छापे पडायची शक्यता ४.४ टक्के, आणि ४१ किंवा कमी पडायचीही तितकीच. ५९ छापे आल्यावर तुम्ही म्हणता "मला छाप्याचाच संशय होता", पण ४१ आले असते तर काट्याचा संशय घेतलाच असता ना, म्हणजे दोन्हीकडे सापळा लावून ठेवलाय आणि हिशोब एकाच बाजूचा दाखवताय, खरा आकडा ८.९ टक्के.

वन-टेल्ड टेस्ट मुळातच चुकीची नाही, पण दिशा डेटा यायच्या आधी लिहून ठेवायची, आणि उलट दिशेला कितीही मोठा फरक आला तरी "परिणाम सापडला नाही" एवढंच म्हणायची तयारी हवी. ती फार कमी वेळा असते. अमेरिकेतल्या कास्ट या हृदयरोगाच्या ट्रायलमध्ये ठोके नियमित करणाऱ्या औषधांनी मृत्यू कमी होतील असं धरलं होतं, १९८९ च्या अहवालात औषध घेणाऱ्यांत ७.७ टक्के मृत्यू निघाले आणि प्लासिबोवर ३ टक्के. असा उलटा निकाल "काही सापडलं नाही" म्हणून सोडून देता आला असता का?