अँटेना घेण्याआधी राउटर घरभर फिरवून बघा

सिमवाल्या 4G राउटरच्या सेटिंग पानावर RSRP म्हणजे सिग्नलची ताकद आणि SINR म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे, हे दोन आकडे दिसतात. मोबाईलच्या दांड्यांपेक्षा यांच्यावर विश्वास ठेवा. समजा, माजघरात RSRP -116 आहे आणि माळ्यावरच्या खिडकीत -104, तर निम्मं काम अँटेनाशिवायच झालं.

तरीही कमी पडलं, तर टॉवरच्या दिशेला रोखता येणारा, दोन केबलवाला अँटेना घ्या. 4G राउटर साधारणपणे दोन वाटांनी सिग्नल घेतो. एकच केबल जोडली तर वेग बराच कमी मिळू शकतो. राउटरला सिमच्या सिग्नलसाठी वेगळे सॉकेट आहेत ना, हे आधी तपासा. बाहेर दिसणाऱ्या काड्या बऱ्याचदा नुसत्या वायफायच्या असतात!

खरा घोटाळा केबलमध्ये होतो. छतापासून खालच्या खोलीपर्यंत दहा मीटर बारीक केबल ओढली, तर अँटेनाने कमावलेलं बहुतेक सगळं तीच खाते. म्हणून राउटरच वर, पत्र्याच्या तापापासून दूर ठेवा आणि खाली लॅनची केबल आणा. ती शंभर मीटरपर्यंत चालते.

अँटेना थोडा थोडा फिरवा, दरवेळी अर्धा मिनिट थांबा. RSRP सारखाच राहून SINR 3 वरून 12 वर गेला, तर तीच दिशा पक्की करा.